समेवर यायचं म्हणजे नेमकं कुठे यायचं?

सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेल्या माणसाने गाणं शिकलेलं असतंच असं नाही. पण बुवांनी लांब तान घेतली, पखवाजवाला तिच्या मागोमाग धावला आणि दोघे एकाच ठोक्यावर येऊन आदळले, की मंडपातल्या निम्म्या माना एकदम हलतात. मागून कुणीतरी "समेर इलो बघ!" म्हणतो. बुवा मात्राभर हुकले तर तीच माणसं काही न बोलता एकमेकांकडे बघतात आणि समोरच्या बारीतले बुवा गालातल्या गालात हसतात.

तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, कान तयार होण्याची आणखी एक वाट होती. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं जाई. यातली पुष्कळ मुलं पुढे मुंबईला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. त्यांचे शब्द वेगळे: बार, बीट, अलेग्रो, क्रेशेंडो. किनारा एकच असल्यामुळे दोन्हीकडची माणसं हल्ली एखाद्या गणेशोत्सवात किंवा जत्रेच्या कार्यक्रमात एका मंचावर येतात. तालमीच्या आधी चहा पिताना सगळं सोपं वाटतं. तुमची सम म्हणजे आमचा पहिला बीट, द्रुत म्हणजे अलेग्रो, झालं. मग तालीम सुरू होते आणि अर्ध्या तासात गाडी अडते. ती कुठे अडते तेवढंच इथे सांगतो. मी गावच्या भजनात तबला वाजवणारा हौशी माणूस आहे, आणि खालचे बरेचसे प्रसंग मडगावच्या एका व्हायोलिनवाल्या मित्राबरोबरच्या तालमीतले आहेत.

आधी सम. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं फिरत राहणारं आवर्तन, आणि सम ही त्याची पहिली मात्रा. आपल्या ओळखीचा तीनताल घ्या, सोळा मात्रांचा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे हात नुसता बाजूला टाकायचा. हे पाठ नसलं तरी कानाने सम शोधता येते. डग्ग्याकडे, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या आवाजाकडे लक्ष ठेवा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत तो गप्प असतो, फक्त उजव्या हाताची कोरडी थाप ऐकू येते. चौदाव्या मात्रेला डग्गा परत घुमतो. तिथून तीन मात्रा मोजा, चौथी सम. मैफलीत ज्यांचं डोकं बरोबर समेवर हलतं, त्यातले बहुतेक लोक सोळा मात्रा मोजत नसतात. डग्गा थांबला आणि परत आला, एवढंच त्यांच्या कानाने टिपलेलं असतं.

आता पाश्चात्त्य पहिला बीट. त्यांच्याकडे संगीत बारमध्ये विभागलेलं असतं, प्रत्येक बारमध्ये ठरावीक बीट, आणि पहिल्या बीटवर कंडक्टरची काठी खाली येते. यातलं समेशी असलेलं साम्य बघायला मोठ्या सिम्फनीची गरज नाही, वाढदिवसाचं गाणं पुरे. मांडीवर एक-दोन-तीन असे ठोके धरून 'हॅपी बर्थडे टू यू' म्हणून बघा. 'हॅपी' येतं तिसऱ्या ठोक्यावर, पहिला ठोका पडतो 'बर्थ'वर, आणि ओळीच्या शेवटचा 'यू' पुन्हा पहिल्यावरच. आपल्या बंदिशीचा मुखडा जसा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन टेकतो, तसंच 'हॅपी' हे दोन तुकडे उठावाचे आहेत. तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेवर उठतात. तिथे उठाव आठ मात्रांचा, इथे एका ठोक्याचा. तत्त्व एकच.

म्हणून माझ्या मित्राने पहिल्या तालमीत तीनताल चार-चार बीटच्या चार बारमध्ये लिहून घेतला, ते चूक नव्हतं. सम म्हणजे पहिल्या बारचा पहिला बीट, नववी मात्रा म्हणजे तिसऱ्या बारचा पहिला बीट. कागदावर सगळं चोख बसलं. वाजवताना मात्र त्याने चारही बारच्या पहिल्या बीटला सारखाच दाब दिला. त्याच्या हाताला तेच वळण होतं. बार सुरू झाला की पहिला बीट वजनदार. गायिकेला दर चार मात्रांनी सम आल्यासारखी वाटायला लागली आणि ती वैतागली. पाश्चात्त्य लिपीत चार बार मिळून एक मोठं चक्र होतं, हे दाखवणारी खूण नेहमीच्या वापरात नाही. आणि खालीला तर तिकडे जोडीदारच नाही. कुठल्या बीटवर हलकं वाजवायचं हे ते लिहू शकतात, पण चक्र अर्ध्यावर आलंय हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून मुद्दाम पोकळ ठेवलेली जागा, ही कल्पना बारच्या रचनेत नाही. शेवटी आम्ही दर चौथ्या बारनंतर दुहेरी रेघ मारली आणि तिसऱ्या बारवर 'हलकं' असं लिहिलं. काम भागलं.

दुसरा फरक खोलवरचा आहे. समेवर आलं की पोहोचल्यासारखं वाटतं. तिकडेही पोहोचणं असतं, पण ते मुख्यतः स्वरांच्या गुच्छांमुळे, म्हणजे कॉर्डमुळे होतं. एक ताणलेला कॉर्ड येतो आणि त्याच्या मागून षड्जावरचा स्थिर कॉर्ड येतो, की वाक्य संपलं असं कानाला कळतं. हे सहसा पहिल्या बीटवरच घडवतात, पण घडवतो तो कॉर्ड, बीट फक्त जागा देतो. आपल्याकडे तंबोरा एकच आधार धरून असतो, कॉर्ड बदलत नाहीत. त्यामुळे ताण तयार करून तो सोडवण्याचं बरंचसं ओझं वेळेच्या हिशोबावर पडतं. त्या हिशोबाचा सगळ्यात उघड नमुना म्हणजे तिहाई.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर. तीनतालात समेपासून उठून पुढच्या समेवर पडायचं तर सोळा अधिक पुढची सम, अशा सतरा मात्रा भरायच्या असतात. 'तिट कत गदि गन धा' हा तुकडा पाच मात्रांचा. तो तीनदा म्हणजे पंधरा. उरल्या दोन मात्रा, त्या तीन तुकड्यांच्या मधल्या दोन फटींत एक-एक वाटायच्या. हातावर मोजत म्हणून बघा: पहिला 'धा' पाचव्या मात्रेवर पडेल, सहावी मोकळी, दुसरा 'धा' अकराव्यावर, बारावी मोकळी, तेराव्याला तिसरा तुकडा उठेल आणि त्याचा 'धा' समेवर येईल.

यात चुकतं ते फटीत. घाईत मधल्या दोन्ही मात्रा गिळल्या तर तिसरा 'धा' पंधराव्या मात्रेवरच पडतो, समेच्या दोन मात्रा आधी, आणि तबलजी ठेका कसाबसा सावरून घेतो. दोन्ही फटी दीड-दीड मात्रेच्या झाल्या तर 'धा' समेनंतरच्या मात्रेवर जातो. ऐकणाऱ्याला ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे: गाणारा थांबलाय, पण ठेका अजून घरी पोहोचलेला नाही किंवा घर ओलांडून पुढे गेलाय. मोठे कलावंत समेच्या किंचित अलीकडे-पलीकडे मुद्दाम पडतात, त्याला अतीत-अनागत म्हणतात. ते आणि चूक यांतला फरक तबलजीच्या चेहऱ्यावर ताबडतोब दिसतो.

व्हायोलिनवाल्या मित्राला तिहाई पटकन आवडली, कारण बारच्या रेघा ओलांडून जाणारे पाच-पाच बीटचे तुकडे त्याच्या सवयीचे होते. पाश्चात्त्य संगीतकार असा तिरपा हिशोब भरपूर वापरतात. पण तीनदाच का, आणि शेवट पहिल्या बीटवरच का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तिकडे असा तुकडा कितीदाही येऊ शकतो आणि कुठेही सुटू शकतो, कारण त्याला सोडवायला मागून कॉर्ड येणार असतो. इथे सोडवणारी समच आहे, म्हणून आकडा जुळवावाच लागतो.

रूपकाने मात्र आमची खरी परीक्षा घेतली. सात मात्रा, तीन-दोन-दोन: तीं तीं ना । धी ना । धी ना. यात समेवरच खाली आहे. डग्गा घुमतो तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, सम कोरडी. ज्याने आयुष्यभर पहिला बीट वजनदार ऐकलाय, तो हमखास चौथ्या मात्रेला सम समजतो. मित्राने चक्क बारची रेघ तिथे मारली होती, आणि गायिका ज्याला मुखड्याचा शेवट म्हणत होती तो त्याच्या कागदावर बारच्या मध्येच लोंबकळत होता. सम सगळ्यात जोरात असते हा समज आपल्याकडच्याही पुष्कळ श्रोत्यांचा असतो. जोराचा आणि समेचा संबंध नाही. मुखड्याचा नेमका कुठला अक्षर-स्वर दरवेळी तिथेच येऊन टेकतो, ते ऐकायचं.

आता अलेग्रो. इटालियनमध्ये मूळ अर्थ आनंदी, खेळकर; पुढे ती वेगाची सूचना झाली. मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीचा पहिला भाग 'मोल्तो अलेग्रो' आहे आणि त्याला खेळकर कुणी म्हणणार नाही, तेव्हा अर्थाच्या मागे फार लागण्यात हशील नाही. वेगाचं म्हणाल तर १८१५ साली मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, आणि बीथोव्हेनने लवकरच आपल्या रचनांवर मिनिटाला किती ठोके याचे आकडे घालायला सुरुवात केली. घड्याळासारखं टकटकणाऱ्या जुन्या मेट्रोनोमची पट्टी साधारण ४० ते २०८ पर्यंत असते, आणि अलेग्रो त्यावर १२०च्या पुढे कुठेतरी.

ही पट्टी आपल्या लयीला दोन्ही टोकांना अपुरी पडते. विलंबित एकतालात एका मात्रेला चार सेकंद लागले तर मिनिटाला पंधरा मात्रा होतात, आणि बारा मात्रांचं एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. मेट्रोनोम तिथे मुकाच. उलट द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला तर सम दर चार सेकंदांनी येते. म्हणजे विलंबितात बारा मात्रा सरायला अठ्ठेचाळीस सेकंद, आणि द्रुतात सोळा मात्रा चार सेकंदांत. दोन्ही एकाच मैफलीत, एकाच रागात.

पण आकड्यापेक्षा घोटाळा दुसरीकडेच होतो. विलंबित ख्यालात गायिकेने जोरदार तान घेतली, तर एका मात्रेत वीस-पंचवीस स्वर सहज जातात. मित्र म्हणाला, "ही तर अलेग्रोच्याही पुढे गेली!" तसं नाही. लय विलंबितच आहे, मात्रा चार सेकंदांचीच आहे, ठेका संथ चाललाय. वाढलीय ती मात्रेतल्या स्वरांची दाटी. दुगुन, चौगुन हे शब्द या दाटीचे आहेत. पाश्चात्त्य लिपीत त्याला अर्ध्या-पाव बीटचे स्वर म्हणतील, अलेग्रो नव्हे. हे मित्राला एका क्षणात पटलं, कारण त्याच्याकडेही संथ भागांत बारीक स्वरांच्या लडी असतातच.

खरा फरक असा, की अलेग्रो हे भागाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं आणि मधे दुसरी सूचना नसेल तर तो भाग साधारण त्याच वेगाने चालतो. ख्यालात लय हळूहळू चढत जाते आणि ती कुठे किती चढवायची ते गायिका तबलजीला नुसत्या नजरेने सांगते. याला गोव्यातलंच जवळचं उदाहरण हवं असेल तर मांडो घ्या. सहा बीटच्या बारमध्ये, संथ आणि हुरहुर लावणारा मांडो, आणि त्याला लागून भरधाव दुलपद. बडा ख्याल आणि छोटा ख्याल यांची आठवण व्हावी अशी ही जोडी आहे. फक्त मांडोतून दुलपदात जाताना वेग बदलतो तो टप्प्याने, गाणं बदलतं म्हणून. ख्यालात मात्र एकाच बंदिशीच्या आतही लय सरकत राहते.

क्रेशेंडोबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. वृत्तपत्रांत 'क्रेशेंडोला पोहोचला' असं सर्रास छापतात. क्रेशेंडो हे शिखर नाही, ती चढण आहे. आवाज हळूहळू मोठा करत जा एवढीच सूचना. कागदावर ती उजवीकडे उघडत जाणाऱ्या दोन रेघांनी दाखवतात. व्हायोलिनवर ती करताना धनुष्याचा वेग आणि दाब वाढवतात, तारेवरची जागा घोडीकडे सरकवतात. नवशिका वादक खूण दिसताच मोठ्याने सुरू करतो आणि मग चढायला जागाच उरत नाही. म्हणून शिक्षक सांगतात, खूण दिसली की आधी आवाज खाली आण.

नुसत्या क्रेशेंडोवर एक अख्खी रचना उभी आहे: रावेलचं 'बोलेरो', १९२८चं. स्नेअर ड्रमवर दोन बारचा एकच ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सुमारे पंधरा मिनिटं, लय न वाढवता. एकेक वाद्य येत जातं आणि आवाज फुगत जातो. आपल्याकडच्या श्रोत्याला हे ऐकताना एक गोष्ट खटकते: एवढा जोर वाढतोय तर लय का वाढत नाही? त्याच्या कानाला वाढ म्हणजे लयीची वाढ, दाटीची वाढ, वरच्या स्वरांकडे जाणं. ख्यालाच्या बढतीत हेच होतं. आवाजाचा लहानमोठेपणा गवई वापरतात, पण तो बंदिशीत लिहिलेला नसतो आणि बढतीची शिडी त्यावर उभी नसते.

भजनाच्या गजरात मात्र दोन्ही वाटा एकत्र येतात. आठ मात्रांचा भजनी ठेका सावकाश सुरू होतो, मागची मंडळी बुवांची ओळ उचलतात, झांजा दर आवर्तनाला थोड्या मोकळ्या होत जातात, पखवाजवाला मात्रेत बोल भरायला लागतो, आणि लयही चढते. मित्राला हे लिहून हवं होतं. आवाज वाढतो म्हणून क्रेशेंडोची रेघ, वेग वाढतो म्हणून आच्चेलेरांदो, बोल दाटतात म्हणून बारीक स्वर. तीन खुणा झाल्या. मग त्याने विचारलं, "किती बार?"

याचं उत्तर आमच्या बुवांकडेही नव्हतं. समोरचे लोक टाळ्या धरतायत तोवर ते गजर ओढतात, आणि पुरे वाटलं की हात वर करून तिहाई घेतात. पाश्चात्त्य लिपीत यासाठी एक सोय आहे आणि नाटकाच्या ऑर्केस्ट्रात ती नेहमी वापरतात: पुनरावृत्तीच्या दोन खुणांच्या मध्ये दोन-चार बार कोंडायचे आणि वर लिहायचं, इशारा मिळेपर्यंत वाजवत राहा. मित्राने तेच केलं. खाली पेन्सिलीने 'बुवांचा हात' असं लिहिलं, आणि तिहाईचे सतरा बीट पुढच्या ओळीवर मोजून मांडले, मधल्या दोन मोकळ्या मात्रांवर गोल करून.